सहा लाख घरांचा सर्व्हे आणि पाच वर्षांची रेषा

एनएफएचएसचे म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे पेपरात आले की खाली दोन प्रकारच्या कमेंट ठरलेल्या असतात. एक, "आमच्या घरी तर कोणी आलं नव्हतं", आणि दोन, "एवढी लाखो घरं विचारली म्हणजे आकडा पक्काच असणार". पहिलीचं उत्तर सोपंय, सॅम्पल म्हणजे सगळ्यांच्या घरी जाणं नव्हेच. दुसरी जास्त घातक आहे. २०१९-२१ च्या फेरीत ६ लाख ३६ हजारांच्या वर घरं झाली, ठीक आहे, पण विचारणारे सगळेच जर एका बाजूला झुकत असतील तर घरं वाढवून ती चूक कमी होत नाही, उलट चुकीच्या आकड्यावर आपला विश्वास मात्र वाढतो.

आता कुणी म्हणेल की प्रश्न तर छापील असतात, हल्ली टॅबलेटवर असतात, मग झुकणार कुठून? एक उदाहरण घ्या. बाईला मुलांबद्दल विचारताना आधी सगळ्या बाळंतपणांची यादी करतात, आणि त्यात एक प्रश्न असा असतो की जन्मल्यावर रडलेलं किंवा जिवंत असल्याची काही खूण दाखवलेलं पण नंतर न वाचलेलं एखादं बाळ होतं का. हे विचारायला जीभ अडखळते. घरात सासू बसलेली असते, बाई मान खाली घालते, मग नवी इन्व्हेस्टिगेटर "सगळी मुलं ठीक आहेत ना?" असं विचारून पुढे जाते. झालं, एक मृत्यू नोंदीतून गायब. म्हणून ट्रेनिंगमध्ये आठवडेच्या आठवडे मॉक इंटरव्ह्यू घेतात. एक जण बाई होते, एक विचारते, बाकीच्या आपापल्या फॉर्ममध्ये तीच उत्तरं भरतात आणि शेवटी फॉर्म जुळवून बघतात. प्रश्न जसा लिहिलाय तसाच वाचायचा, न कळल्यास परत वाचायचा, "डोस सगळे दिलेत ना?" असं उत्तर तोंडात घालायचं नाही, लसीकरणाचं कार्ड मागून त्यावरच्या तारखा बघायच्या.

पण मला या सगळ्यात जी गोष्ट सगळ्यात भारी वाटते ती वेगळीच आहे, आणि ती वाईट हेतूतून नाही तर थकव्यातून येते. गेल्या पाच वर्षांत जन्मलेल्या मुलांबद्दल लांबलचक प्रश्न असतात. गरोदरपणात तपासण्या किती, बाळंतपण कुठे, लसी कोणत्या, काल काय खाल्लं, जुलाब झाले होते का. मूल पाच वर्षांच्या रेषेच्या पलीकडे गेलं की यातलं बहुतेक सगळं गळतं. टॅबलेटवर हे आपोआप होतं, त्यामुळे दोन दिवसांत प्रत्येकीला कळतं की कुठली तारीख टाकली की इंटरव्ह्यू लवकर सुटतो. आता बाई म्हणते, "पाचएक वर्षांचं असेल की". जून की डिसेंबर तिला सांगता येत नाही, संध्याकाळचे सहा वाजलेत, अजून तीन घरं बाकी आहेत. बोट आपोआप एक वर्ष आधीच्या तारखेवर जातं.

घरातल्या माणसांच्या यादीतही तेच. बायकांमध्ये १५ ते ४९ वयाच्यांचाच इंटरव्ह्यू घ्यायचा, मग पंधराची मुलगी चौदाची होते आणि एकोणपन्नासची बाई पन्नाशीची.

एकटा फॉर्म बघून हे पकडताच येत नाही, कारण त्यात चूक काहीच दिसत नाही. ढिगाने फॉर्म एकत्र केले की मात्र दिसतं. समजा एका टीमने नोंदलेले जन्म वर्षावार असे आहेत: अलीकडच्या चार वर्षांत १८, १७, १७, १७, मग पाचव्यात ९, सहाव्यात २४, सातव्यात १६. जन्म काही एका वर्षात एवढे पडत नाहीत आणि लगेच शेजारच्या वर्षात एवढे उसळत नाहीत. याचा एक साधा हिशोब आहे, त्या वर्षाचे जन्म दुप्पट करायचे, आजूबाजूच्या दोन वर्षांच्या बेरजेने भागायचे आणि शंभराने गुणायचे. उत्तर शंभरच्या आसपास यायला हवं. इथे पाचव्या वर्षासाठी १८ भागिले ४१, म्हणजे ४४. सहाव्यासाठी ४८ भागिले २५, म्हणजे १९२. एका बाजूला खड्डा आणि त्याला चिकटून ढिगारा, आणि तोही नेमका जिथे प्रश्न संपतात तिथे. हे आकडे मी समजावण्यापुरते घेतलेत, पण पॅटर्न खरा असाच दिसतो. म्हणूनच फील्डवर्क चालू असतानाच टीमवार अशी टेबलं काढतात, सर्व्हे संपल्यावर कळून काय उपयोग?

अर्थात लगेच कुणाला दोषी ठरवायचं नाही. एका इन्व्हेस्टिगेटरचे दहा-पंधरा जन्म घेऊन हा हिशोब केला तर निव्वळ योगायोगानेही वाट्टेल ते येईल. आणि पन्नासच्या बाबतीत तर लोक स्वतःच गोल वय सांगतात, त्यामुळे ४९ कमी आणि ५० जास्त हे प्रामाणिक टीमकडेही दिसणार. मग करायचं काय, तर त्याच भागात काम करणाऱ्या दुसऱ्या टीमशी तुलना. ही युक्ती आपल्याकडची जुनी आहे. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिसांनी बंगालमधल्या तागाच्या पिकाच्या सर्व्हेत एकाच भागाचे दोन स्वतंत्र सॅम्पल दोन वेगळ्या तुकड्यांना दिले. जमीन तीच, पीक तेच, मग दोन उत्तरांमध्ये योगायोगापेक्षा जास्त फरक आला तर तो मोजणाऱ्यांचा.

शंका आली की सुपरवायझर काही घरांत परत जाते, आणि सगळा इंटरव्ह्यू पुन्हा घेत नाही, फक्त घरात कोण कोण आहे आणि त्यांची वयं एवढंच नव्याने विचारते, आधीचा फॉर्म न बघता. मुलाच्या जन्माचा महिना लागत नसेल तर कार्ड मागायचं, कार्ड नसेल तर आठवणीचा आधार घ्यायचा: नोटाबंदीच्या वेळी पोटात होतं का, सांगली-कोल्हापूरच्या पुरात चालत होतं का, पोळ्याच्या आधी झालं की नंतर. जन्मपत्रिका निघते कधीकधी, तिच्यातलं भविष्य सोडून द्या पण तारीख मात्र कामाची असते. परत विचारल्यावर चारपैकी तीन घरांत मूल रेषेच्या अलीकडे आलं, तर त्या इन्व्हेस्टिगेटरबरोबर पुढचे काही दिवस बसायचं. आणि फरक दोन्ही दिशांना सारखा असेल तर तो बहुधा बायकांच्या आठवणीचा घोळ, त्यासाठी कुणाला ओरडण्यात अर्थ नाही.

सरकलेल्या तारखांनी प्रत्येक आकडा सारखा बिघडत नाही, हेही बघा. एकूण जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी किती मुलं (२०१९-२१ मध्ये देशाचा २.०), सर्व्हेच्या आधीच्या तीन वर्षांवरून काढतात, म्हणजे पाचव्या-सहाव्या वर्षाच्या गडबडीपासून तो तसा लांबच. अर्भक मृत्यूदर मात्र पाच वर्षांचा असतो, त्याच फेरीत हजारी ३५ आणि आधीच्या फेरीत ४१. गेलेल्या मुलांच्या तारखा जिवंत मुलांपेक्षा जास्त सरकत असतील, तर अलीकडचा दर उगाच कमी दिसतो आणि त्याआधीच्या पाच वर्षांचा वाढतो. दर खरोखर घटला असला तरी घट किती, हे त्यामुळे फुगू शकतं. ती बाळं खरंच सरकलीत का हे परत भेट देऊन तपासणं अवघड, कारण ज्या आईने एकदा कसंबसं सांगितलं तिला तेच दुसऱ्यांदा विचारायला कुठल्याही सुपरवायझरचा पाय निघत नाही, आणि न वाचलेल्या बाळाचं कार्ड सहसा घरात ठेवलेलं नसतं.