उत्तरतालिकेची ओळ: तोडायची की वेचायची?

गाइडच्या शेवटी किंवा पीडीएफमध्ये उत्तरं बहुतेक वेळा एकाच ओळीत ठासून दिलेली असतात. त्यातून प्रश्न क्रमांक आणि उत्तर अशा दोन स्तंभांचा तक्ता करायचा असेल तर दोन वाटा आहेत. एक म्हणजे मोकळ्या जागेवर ओळ तोडणे, म्हणजे स्प्लिट. दुसरी म्हणजे 'आकडा, रेघ, अक्षर' असा नमुना सांगून त्यात बसणाऱ्या जोड्या वेचणे, म्हणजे रेगेक्स. ओळ स्वच्छ असेल तर दोन्हींतून तोच तक्ता मिळतो, म्हणून दोन्ही एकच वाटतात. ओळ बिघडलेली असली की मात्र त्या अगदी वेगळ्या रीतीने चुकतात.

ही आठ प्रश्नांची ओळ घ्या. सातवा प्रश्न रद्द झाला आहे, म्हणून तिथे चांदणी आहे.

```
1-a 2-c 3 -b 4-d 5–b,6-a 7-* 8-c
```

मोकळ्या जागेवर तोडली तर नेमके आठ तुकडे होतात. प्रश्न आठ, तुकडे आठ, म्हणून आपण निर्धास्त होतो. पण `3` आणि `-b` वेगळे पडले आहेत, आणि `5–b,6-a` हा एकच तुकडा झाला आहे. एक तुकडा वाढला, एक घटला आणि बेरीज जुळली. तुकड्यांची संख्या हा पुरावा धरू नये तो यासाठीच. पुढे प्रत्येक तुकडा रेघेवर तोडला की एका ओळीत प्रश्न क्रमांकाच्या जागी `5–b,6` आणि उत्तर `a` असं येतं. दिसायला ते वाईटच, पण डोळ्यांना खुपतं हे चांगलं. तोडण्यात मजकूर हरवत नाही, चुकीच्या खणात का होईना, समोर राहतो.

आता वेचून पाहू.

```python
import re
s = "1-a 2-c 3 -b 4-d 5–b,6-a 7-* 8-c"
p = r"(\d+)\s*-\s*([a-d])"
for q, a in re.findall(p, s):
    print(q, a, sep="\t")
```

तिसरा प्रश्न नीट आला, कारण `\s*` रेघेच्या आजूबाजूची जागा खपवून घेतं. सहावाही स्वल्पविरामातून सुटून आला. पण तक्त्यात सहाच ओळी आहेत. पाचव्यातली रेघ लांब आहे, कीबोर्डवरची साधी रेघ नव्हे. वर्ड अशा रेघा आपोआप बदलतो, म्हणून तिथून आलेल्या मजकुरात त्या सर्रास सापडतात. सातव्याची चांदणी `[a-d]` मध्ये बसत नाही. दोन्ही प्रश्न गुपचूप गळाले, आणि उरलेला तक्ता इतका नीटनेटका दिसतो की शंका येत नाही. मला हीच चूक जास्त धोक्याची वाटते. दोनशे प्रश्नांच्या तालिकेतून दोन गळालेले नजरेला कळत नाहीत.

त्यावर भरवशाची तपासणी म्हणजे वेचून झाल्यावर मागे काय उरलं ते पाहणे:

```python
print(re.sub(r"[\s,]", "", re.sub(p, "", s)))
```

इथे `5–b7-*` छापून येतं, म्हणजे नमुन्यात काय कमी आहे ते हातात मिळतं. नमुना सुधारून पुन्हा चालवला की आठही ओळी येतात आणि मागे काही उरत नाही:

```python
p = r"(\d+)\s*[-–]\s*([a-d*])"
```

क्रमांक 1 ते 8 सलग आहेत का, एवढंच पाहून भागत नाही. समजा दोन उत्तरं ग्राह्य धरली आणि ओळीत `7-a/c` आहे. नमुना `a` उचलतो, सातवा क्रमांक हजर राहतो, पण उत्तर अर्धवट असतं. उरलेल्या मजकुरात `/c` दिसतो तेव्हाच हे पकडता येतं.

तालिका देवनागरीत, `१-अ २-क` अशी असेल तर पायथनमध्ये `\d` हे देवनागरी आकडेही ओळखतं आणि `int("१२")` मधून 12 मिळतात. अक्षरांसाठी फक्त `[अबकड]` लिहायचं. जावास्क्रिप्टमध्ये `\d` म्हणजे 0 ते 9 एवढंच, तिथे `[0-9०-९]` असं लिहावं लागतं.

पर्यायांनाही आकडेच असतील, म्हणजे `1-3 2-4`, तर एक्सेलमध्ये वेगळीच अडचण येते. Text to Columns ने तोडताना स्तंभाचा प्रकार General राहिला, तर `1-3` ची तारीख होते आणि खणात मार्च किंवा जानेवारी दिसू लागतो. मूळ मजकूर तिथे उरत नाही, त्यामुळे नंतर प्रकार बदलला तरी तारखेमागचा क्रमांकच समोर येतो. म्हणून तोडतानाच शेवटच्या पायरीवर सगळे स्तंभ निवडून Text करावेत. किंवा आधी रेघेच्या जागी दुसरं चिन्ह घालावं, उदाहरणार्थ `1:3` नको, कारण ती वेळ होते, पण `1=3` चालतं.

तालिका स्वतः टाइप केलेली आणि एकसारखी असेल तर तोडणं पुरतं. पीडीएफमधून चिकटवलेली असेल, किंवा जागाच नसून `1-a2-c3-b` अशी सलग आली असेल, तर तोडायला जागाच मिळत नाही. तिथे वेचावंच लागतं, आणि उरलेलं पाहिल्याशिवाय तो तक्ता गुण तपासायला वापरू नये.