आरपीएम तोच, मग मधेच का फाटलं? रेषीय आणि कोनीय राशींचा हिशोब

माझा भाचा खानापूरहून रोज उद्यमबागेत एका वर्कशॉपला शिकायला येतो. दहावीपर्यंत मराठी माध्यम, डिप्लोमा इंग्रजीत. त्यामुळे 'कोनीय वेग' म्हटलं तर त्याला सूत्र आठवतं आणि 'अँग्युलर' म्हटलं तर मार्क आठवतात. मशीनवर मात्र दोन्ही आठवत नाहीत. गेल्या आठवड्यात एमएसची, म्हणजे साध्या पोलादाची, 200 मिमी व्यासाची चकती लेथवर फेसिंग करून, म्हणजे तिचं तोंड सपाट कापून, त्यानं माझ्यापुढे ठेवली. कडेला आरशासारखी, मधे ओरबाडल्यासारखी.

"मामा, आरपीएम 240च ठेवला होता की. बदललाच नाही. मग मधीच का फाटलंय?"

प्रश्नातच घोटाळा आहे. आरपीएम ही फिरण्याची गोष्ट, आणि ती सगळ्या चकतीची एकच. टूलच्या टोकापुढून धातू किती वेगानं सरकतो ही दुसरी गोष्ट, आणि ती प्रत्येक जागी वेगळी. पहिली कोनीय, दुसरी रेषीय. मधला दुवा फक्त त्रिज्या.

चकतीवर खडूनं केंद्रापासून कडेपर्यंत रेघ मारा आणि चक हातानं पाव फेरा फिरवा. रेघेवरचा प्रत्येक बिंदू 90 अंशच फिरला. पण 100 मिमीवरच्या बिंदूनं कापलेला कंस (वर्तुळाचा तुकडा, व्याकरणातला नव्हे) 157 मिमीचा आहे, तर 25 मिमीवरच्या बिंदूनं कापलेला जेमतेम 39 मिमीचा. सूत्र s = rθ. यात θ रेडियनमध्येच घालायचा, म्हणजे इथे 1.57. अंश तसेच घातले तर 100 × 90 = 9000 मिमी येतं. पाव फेऱ्यात नऊ मीटर! पूर्ण फेऱ्याचा परीघसुद्धा 628 मिमीच आहे. उत्तर परिघाशी ताडून पाहिलं की ही चूक लगेच सापडते.

हेच सेकंदावर नेलं की v = rω; v रेषीय वेग, ω कोनीय वेग. 240 आरपीएम म्हणजे सेकंदाला 4 फेरे, आणि एक फेरा 2π रेडियनचा, म्हणून ω सुमारे 25.1 रेडियन प्रति सेकंद. कडेला v = 0.1 × 25.1, म्हणजे सेकंदाला 2.51 मीटर किंवा मिनिटाला 151 मीटर. कार्बाइड टिपेला हा वेग मानवतो. 25 मिमी त्रिज्येवर तोच वेग मिनिटाला 38 मीटरवर येतो आणि 5 मिमीवर साडेसातवर. इतक्या हळू एमएस कापलं की धातूचे कण टिपेच्या धारेवर चिकटून बसतात आणि तेच मग पृष्ठभाग ओरबाडतात. भाच्याचा आरपीएम खरंच बदलला नव्हता. बदलला होता कापण्याचा वेग.

सीएनसीवर ही दोन्ही रूपं दोन कोड म्हणूनच भेटतात. `G97 S240` म्हणजे फेरे 240 धर. `G96 S150` म्हणजे टूलखाली मिनिटाला 150 मीटर धर, फेरे तू बघून घे. `S`पुढचा आकडा एकात आरपीएम, दुसऱ्यात मीटर. अक्षर मात्र तेच. G96 लावलं की टूल आत सरकेल तसा स्पिंडल पळायला लागतो: 100 मिमीवर 239 आरपीएम, 50वर 477, 25वर 955, 10वर 2387. केंद्रावर r शून्य, म्हणजे हिशोबानं आरपीएम अनंत.

त्वरणाकडे आलं की दोन ठिकाणी पाय घसरतो.

पहिलं ठिकाण G96चंच. भाच्याचा तर्क असा: टूलखालचा v बदलत नाही, म्हणजे त्वरण शून्य; a = rα, म्हणून α, म्हणजे कोनीय त्वरण, पण शून्य. मग स्पिंडलचा आवाज चढत कसा जातो? कारण a = rα हे चकतीवरच्या एका ठरावीक बिंदूचं, ज्याचा r हलत नाही. टूलखाली मात्र दर क्षणी नवा बिंदू येतो. r कमी होतोय आणि ω वाढतोय, दोघांचा गुणाकार तेवढा स्थिर राहिलाय. फीड फेऱ्याला 0.2 मिमी असेल, तर 50 मिमी त्रिज्येवर टूल सेकंदाला सुमारे 1.6 मिमी आत जातं आणि α भरतो सुमारे 1.6 रेडियन प्रति सेकंद वर्ग, म्हणजे दर सेकंदाला 15 आरपीएमची वाढ. कानाला ऐकू येतं ते हेच.

दुसरं ठिकाण जास्त धोक्याचं. बटण दाबल्यावर स्पिंडल दोन सेकंदांत 240वर गेला तर α = 25.1 ÷ 2, म्हणजे 12.6. कडेच्या बिंदूचं स्पर्शरेषेच्या दिशेचं त्वरण rα, म्हणजे 1.26 मीटर प्रति सेकंद वर्ग. फेरे स्थिरावले की α शून्य होतो आणि हे त्वरणही संपतं. म्हणून त्वरणच संपलं असं वाटतं. पण बिंदू गोल फिरतोय, त्याची दिशा सतत वळतेय, आणि त्यासाठी केंद्राकडे rω² इतकं त्वरण लागतंच. इथे 0.1 × 25.1² म्हणजे 63, गुरुत्वाच्या सहापटीहून जास्त. हे सूत्र α विचारतच नाही, ω विचारतं, तेही वर्ग करून.

आता चकाच्या जॉकडे बघा. भाच्याची चकती मागच्या बॉसवर, म्हणजे मागे आलेल्या गोल उंचवट्यावर, जॉनी बाहेरून पकडलेली होती. जॉचं वजन एक किलो आणि त्याचं केंद्र 100 मिमीवर धरू. 240 आरपीएमला त्याला गोल फिरवत ठेवायला 63 न्यूटन, म्हणजे साडेसहा किलोच्या भाराएवढं बल लागतं. G96 लावून टूल 10 मिमीवर पोचलं तेव्हा आरपीएम दसपट आणि हे बल शंभरपट, म्हणजे 640 किलोच्या आसपास. टूल आत गेलं तरी जॉ आहे तिथेच आहे, त्याचा r कमी होत नाही. हे बल चकाच्या पकडीतूनच जातं, तेवढी पकड सैल पडते. टूलखालचा वेग तोच दिसतो आणि जॉब सुटायच्या बेतात असतो. म्हणून G96च्या आधी लगाम घालायचा:

```
G50 S1000
G96 S150 M03
G01 X0 F0.2
```

`G50 S1000` म्हणजे काही झालं तरी हजाराच्या वर नको (काही कंट्रोलवर याच कामाला `G92` असतं). हजाराला जॉवरचं बल 112 किलोच्या भाराएवढं राहतं. चकावर कोरलेला कमाल आरपीएम आणि जॉबची पकड बघून हा आकडा ठरवायचा, दुसऱ्याच्या प्रोग्रॅममधून उचलायचा नाही.

भाच्यानं असं करून पुन्हा चकती काढली. आता ओरबाडा 48 मिमी व्यासाच्या आतच उरला. तो तिथूनच का सुरू झाला ते त्यानं स्वतः काढलं: 150 मीटर प्रति मिनिट म्हणजे 2.5 मीटर प्रति सेकंद, हजार आरपीएम म्हणजे 104.7 रेडियन प्रति सेकंद, भागाकार 24 मिमी त्रिज्या. तिथे लगाम लागला, फेरे वाढायचे थांबले, आणि त्याच्या आत मशीन पुन्हा G97सारखंच वागलं. ड्रॉइंग बघितलं तर चकतीला मधे 50 मिमीचं भोक पुढच्या ऑपरेशनला पडायचंच होतं. त्यानं `X0` खोडून `X48` केलं.