एक्स गुणसूत्राचे निष्क्रियीकरण आणि टॉर्टॉइजशेल मांजर

अपरा असलेल्या सस्तन प्राण्यांच्या मादीत दोन एक्स गुणसूत्रे असतात, परंतु तिच्या प्रत्येक कायिक पेशीत त्यांपैकी एकाचीच बहुतेक जनुके कार्यरत राहतात. भ्रूण अगदी लहान असतानाच प्रत्येक पेशीत दुसरे एक्स घट्ट आवळले जाऊन निष्क्रिय होते. ते केंद्रकात गडद ठिपक्यासारखे दिसते. हा ‘बार पिंड’ मरे बार आणि बर्ट्रम यांनी १९४९ मध्ये मांजरीच्याच चेतापेशींत पाहिला होता. उंदराच्या मादीच्या चट्टेरी केसाळीवरून या घटनेचे स्पष्टीकरण मेरी लायन यांनी १९६१ मध्ये मांडले.

जे एक्स बंद व्हायचे, त्याच्यावरील झिस्ट नावाच्या जनुकापासून बनलेला आरएनए त्याच गुणसूत्रावर पसरतो व जनुके मुकी करणारी प्रथिने तेथे ओढून आणतो. आईकडचे एक्स बंद व्हावे की वडिलांकडचे, हे प्रत्येक पेशीत यदृच्छेने ठरते. मात्र एकदा ठरले की त्या पेशीच्या विभाजनातून होणारी सारी संतती तीच निवड पुढे चालवते.

मांजराचे नारिंगी रंगाचे जनुकस्थान एक्सवर आहे. आर्हगॅप३६ या जनुकाच्या परिसरातील सुमारे पाच हजार बेस-जोड्यांचा तुकडा गळाल्याने हा रंग येतो, असे जपान व अमेरिकेतील दोन गटांनी २०२५ मध्ये दाखवले. तुकडा गळालेल्या एक्सवर हे जनुक रंगपेशींत नको तेथे सुरू होते आणि काळ्या मेलॅनिनऐवजी तांबूस मेलॅनिन तयार होते. नारिंगी बोका आणि काळी मांजर यांच्या संकरात सगळे बोके काळे निपजतात, कारण त्यांचे एकमेव एक्स आईकडून येते. माद्यांना मात्र दोन्ही प्रकारचे एक्स मिळते. त्यांच्या आद्य रंगपेशी भ्रूणाच्या चेताशिखेतून निघून, विभागत विभागत त्वचेवर पसरतात. ज्या पेशीवंशात नारिंगी एक्स चालू असते तेथे नारिंगी, अन्यत्र काळा रंग दिसतो. पांढरा रंग या प्रक्रियेतून येत नाही. तो अलिंगी गुणसूत्रावरील किट जनुकाशी निगडित असून, ज्या भागात रंगपेशी पोहोचतच नाहीत तो भाग पांढरा राहतो. रंगपेशी मुळातच थोड्या असल्या की एकेका पेशीवंशाला अधिक जागा मिळते, म्हणून तिरंगी (कॅलिको) मांजरीचे चट्टे मोठे व सुटे असतात, तर पांढरा रंग नसलेल्या टॉर्टॉइजशेल मांजरीत दोन रंग बारीक मिसळलेले दिसतात.

नारिंगी व काळा असे दोन्ही रंग अंगावर असलेला बोका क्वचितच आढळतो. तो बहुधा एक्सएक्सवाय असतो व सहसा वंध्य असतो.

डिसेंबर २००१ मध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठात एका तिरंगी मांजरीच्या कायिक पेशीपासून ‘सीसी’ हे पहिले कृंतक मांजर जन्मले. जनुके तीच असूनही तिच्या अंगावर नारिंगी केस नव्हते. याचा सामान्यतः दिला जाणारा अर्थ असा, की मूळ पेशीत नारिंगी एक्स आधीच बंद होते आणि कृंतकीकरणात ती खूण पुसली गेली नाही.