नोटरीची खरेदी अन् वावराची मालकी

“शंभराच्या स्टँपवर लिहून घेतलं, नोटरी केली, पैसे मोजले, वावर मीच वाहतो. मग मालक मीच ना?”

नाही. शंभर रुपये वा जास्त किमतीची जमीन विकली जाते ती नोंदणीकृत खरेदीखतानेच. समजा, यवतमाळकडच्या दोन एकरांचा असा कागद आहे आणि विकणारा वारला. सातबाऱ्यावर त्याच्या पोरांची नावं चढतात. कोर्टात तुमचा कागद मालकी सिद्ध करत नाही. ताबा कसा आला, असल्या दुय्यम गोष्टीपुरता चालतो, तोही कमी पडलेलं मुद्रांक शुल्क दंडासह भरल्यावर. (शुल्क भरलं म्हणजे नोंदणी झाली, हाही भ्रमच.) दस्त सहीपासून चार महिन्यांत दुय्यम निबंधकाकडे न्यायचा, अटळ अडचण असेल तर दंडासह आणखी चार. तेही उलटले असतील तर पोरांना राजी करून नवं खरेदीखत, शुल्क आजच्या बाजारभावाने.