मिरचीची आग आणि १९८३ सालचा पेच

नंदुरबारच्या पथारीवर वाळलेली लाल मिरची शेवभाजीतून तोंडात गेली, की तिच्यातलं कॅप्सेसिन जिभेतल्या मज्जातंतूंच्या टोकांवरच्या टीआरपीव्ही-१ या प्रथिनाला चिकटतं. हे प्रथिन एरवी साधारण ४३ अंशांच्या वरच्या उष्णतेला उघडतं; कॅप्सेसिन मात्र जीभ भाजत नसतानाही ते उघडतं. कॅल्शियम-सोडियमचे आयन आत शिरतात आणि संदेश मेंदूच्या खोडातून, थॅलॅमस या आतल्या भागामार्गे मेंदूच्या बाहेरच्या थरात, बाह्यकात, पोचतो. डोळ्यांत पाणी येतं, हात तांब्याकडे जातो. हे प्रथिन १९९७ साली ओळखलं गेलं आणि २०२१ साली त्या कामाला नोबेल मिळालं. घास झोंबला की शरीरात काय घडतं, हे आता बरंच माहीत आहे. पण एवढं सगळं घडताना ते आतून असं, आग आग झाल्यासारखं का जाणवतं?

ही अडचण १८७२ साली लाइपझिगच्या एका भाषणात स्पष्ट मांडली गेली होती. आजच्या वादाची मांडणी मात्र १९८३ सालच्या एका छोट्या निबंधातून आली. त्यातली तुलना अशी: उष्णता म्हणजे रेणूंची हालचाल, हे समजलं की उष्णता जे करते ते का करते हे त्यातूनच निघतं, वेगळं विचारायला काही उरत नाही. ‘वेदना म्हणजे अमुक तंतूंचं उद्दीपन’ हे मान्य केलं, तरी ते उद्दीपन दुखतं का, हा प्रश्न तसाच राहतो.

खरा तंटा पुढचा आहे. निबंधाचा दावा एवढाच होता, की मेंदूतली घडामोड आणि अनुभव यांच्यातली ही दरी आपल्या स्पष्टीकरणात आहे. वेदना ही भौतिक नाही, असं त्यातून सिद्ध होत नाही, हे लेखकाने आवर्जून सांगितलं होतं. १९९४ सालच्या अ‍ॅरिझोनातल्या परिषदेत आणि पुढच्या वर्षीच्या लेखात या अडचणीला ‘कठीण समस्या’ हे नाव रूढ झालं आणि त्याच युक्तिवादाने एक पाऊल पुढे टाकलं: स्पष्टीकरण अपुरं पडतं, तर जगाच्या मूलभूत यादीत अनुभव वेगळा धरावा. हे पाऊल घाईचं होतं. एकाच गोष्टीकडे जायच्या आपल्या दोन वाटा, मोजमापाची आणि अनुभवाची, इतक्या निराळ्या असतील की गोष्ट एक असूनही दोन वाटतील. अर्थात त्या वाटा अशा निराळ्या का, हे अनुभवही भौतिकच आहे असं मानणाऱ्या भौतिकवाद्यांनाही समाधानकारक सांगता आलेलं नाही.

१९९८ साली एका मेंदूशास्त्रज्ञाने तत्त्वज्ञाशी पैज लावली होती, की पंचवीस वर्षांत जाणिवेची मेंदूतली खूण, म्हणजे जाणिवेसोबत नेमकी होणारी मेंदूतली घडामोड, सापडेल. २०२३ साली तो हरला. पण त्यावरून ‘कठीण समस्या जिंकली’ असं म्हणणं चुकीचं ठरेल. पैज फक्त खुणेची होती. ती खूण सापडली असती, तरी १९८३ सालचा प्रश्न तिच्याबद्दलही विचारता आला असता.