नाव खाऊचं की औषधाचं?
मिलेट कुकीज आणि कुरकुरीत खाऊ बनवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

खाऊला नाव शोधून देणं आणि पाकिटावरचा मजकूर लिहिणं हे आमचं काम. मिलेटचा खाऊ बनवणारे बरेच जण स्वतःची यादी घेऊनच येतात. त्या यादीत न्यूट्रि, व्हिटा, कॅल्सि, प्रो, हेल्थ, प्लस हे तुकडे वेगवेगळ्या जोड्यांनी पुन्हा पुन्हा भेटतात. कारण समजण्यासारखं आहे. माल पालक विकत घेणार, पालकांना तब्येतीची काळजी, म्हणून नावातच तब्येत घालायची. पण तेच पालक असं नाव पाहून पाकीट परत ठेवतात, कारण मूल ते खाणार नाही हे त्यांना दिसतं. या पत्रकात फक्त नावाबद्दल आणि नावाला चिकटून येणाऱ्या चार शब्दांबद्दल लिहिलं आहे.

औषधाचा वास कुठून येतो

मराठी कानाला औषध दोन वाटांनी ऐकू येतं. पहिली वाट केमिस्टची. औषधांच्या मूळ नावांना ठरावीक शेपट्या असतात. जागतिक आरोग्य संघटना ही नावं ठरवते आणि त्यांची पहिली यादी १९५३ साली आली. एका गटातल्या औषधांचा शेवट सारखा ठेवायचा, अशी ती पद्धत आहे. म्हणून अॅटेनोलॉल आणि प्रोप्रॅनोलॉल भावंडं वाटतात, अॅटोरव्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिनही. त्यात कंपन्यांनी स्वतःच्या नावांत फोर्ट, प्लस, व्हिट, कॅल अशी भर घातली. लोकांना यातलं काही शिकवावं लागत नाही, वर्षानुवर्षं चिठ्ठ्या वाचून कान तयार झालेला असतो. त्यामुळे 'रागिनॉल' किंवा 'ग्रेनोव्हिट' असं काही ऐकलं की डोळ्यांसमोर पट्टीतल्या गोळ्या येतात, कुकी येत नाही.

दुसरी वाट वैद्यांची, आणि इथे मराठी उद्योजक जास्त फसतात, कारण ही नावं 'आपली' वाटतात. वटी, प्राश, अरिष्ट, आसव, चूर्ण, अमृत, वर्धक, पोषक. आरोग्यवर्धिनी ही तर खरोखरचीच वटी आहे. अशा घराण्यात 'बाजरामृत' किंवा 'बालपोषक' जन्माला घातलं तर ते कोमट पाण्यासोबत घ्यायचं असणार, असंच कोणीही समजेल. संस्कृत शब्द वाईट नाहीत. पण दोन जड शब्दांचा समास आणि त्यात शरीराला होणारा फायदा, ही जोडी जमली की संपलं.

नावात मात्रा असेल, तर ती पाकिटातही हवी

हा मुद्दा आम्ही सगळ्यांत आधी काढतो. औषधी वळणाचं नाव एक वचन देतं: यात काहीतरी इतकं आहे की उपयोग होईल. कुकी ते वचन पाळू शकते का, हे कागदावर मांडून बघता येतं.

नाचणीत कॅल्शियम भरपूर असतं, १०० ग्रॅममागे साधारण ३५० मिलिग्रॅम. त्यावरून 'कॅल्सि' ने सुरू होणारं नाव सुचतं. आता तुमची कुकी घ्या. वजन १० ग्रॅम, त्यात नाचणीचं पीठ ४० टक्के, म्हणजे ४ ग्रॅम. नाचणीतून आलेलं कॅल्शियम झालं १४ मिलिग्रॅम. २०० मिलिलिटर दुधात ते सव्वादोनशे ते अडीचशे मिलिग्रॅम असतं. म्हणजे पेलाभर दुधाची बरोबरी करायला सोळा ते अठरा कुकीज खायला लागतील, आणि तेवढा गूळ नि तूपही पोटात जाईल. पाकीट उलटून बारीक अक्षरं वाचणारे पालक हा हिशेब करतात. सगळे करत नाहीत, पण जे करतात तेच इतरांना सांगतात.

तुमची कुकी वाईट आहे असा याचा अर्थ नाही. ती चांगला खाऊ आहे, पूरक औषध नाही, आणि नावानेही तेवढंच म्हणावं.

धान्याचं नाव ब्रँडमध्ये घालतानाही हाच पेच पडतो. नाचणीत ग्लुटेन नसतं, त्यामुळे नुसत्या नाचणीची कुकी हातात घेताच भुगा होते. म्हणून बहुतेक कृतींत गव्हाचं पीठ किंवा मैदा असतोच. कोडेक्सच्या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांप्रमाणे घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लावायची असते, आणि ज्या घटकाचा पाकिटावर गाजावाजा करता त्याची टक्केवारी द्यायची असते. नावात 'नाचणी' आणि यादीत ती तिसरी, गहू आणि गुळाच्या मागे, असं असेल तर नावच तुमच्याविरुद्ध साक्ष देतं. शिवाय पुढच्या वर्षी ज्वारीचा खाऊ काढलात की त्या नावाखाली तो बसत नाही.

नावाचं काम आणि नावाखालच्या ओळीचं काम

आम्ही ही दोन कामं वेगळी करतो. नाव मुलासाठी: तोंडात बसणारं, मागता येणारं. त्याखालची एक ओळ पालकांसाठी: काय आहे, कशाचं आहे, किती आहे. आरोग्याचा सगळा भार या ओळीवर, तोही विशेषणांशिवाय. 'पौष्टिक, शुद्ध, सात्त्विक' असं लिहिण्यापेक्षा 'नाचणी ४० टक्के, गूळ आणि तुपाची कुकी' ही ओळ पालकांना जास्त पटते. गुळाच्या कुकीवर 'साखर नाही' असं मात्र लिहू नका. गूळ हीसुद्धा साखरच, आणि हे आता पुष्कळ पालकांना माहीत आहे.

एक नाव, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

नमुन्यादाखल एक काम धरू. दोन वस्तू आहेत: नाचणी-गुळाची गोल कुकी आणि ज्वारीचे फुगवलेले छोटे गोळे. मुलं चार ते दहा वर्षांची.

मालकांच्या मनात पहिलं नाव 'मिलेटोन'. मिलेट आणि टोन, अर्थ लागतो. पण फोनवर एकदा म्हणून बघितलं तर ऐकणारा 'मेलाटोनिन' लिहितो, आणि ते झोपेसाठी घेतलं जाणारं संप्रेरक आहे. मुलांच्या खाऊवर याहून नकोसा प्रतिध्वनी सापडणं कठीण. नाव बाद.

दुसरं 'चिऊघास'. गोड आहे, औषधाचा मागमूस नाही. पण चार वर्षांच्या मुलाला जे लाडाचं वाटतं ते नऊ वर्षांच्या मुलाला लाजवतं. तो हा डबा मित्रांसमोर उघडणार नाही. एकाच घरात दोन मुलं असतील तर अर्धा खप तिथेच गेला. हे नाव फक्त अगदी लहानांसाठीच्या मालाला चाललं असतं.

मग आम्ही फायद्यांची यादी बाजूला ठेवतो आणि खाताना काय घडतं ते लिहितो: आवाज, आकार, हाताची हालचाल, खायची वेळ. त्यातून 'कुरुमकुरुम' येतं, पण ते नुसतं वर्णन आहे. असं वर्णन कोणीही वापरू शकतं, त्यावर हक्क सांगणं अवघड. 'भिंगरी' येतं, कुकी गोल म्हणून. छान, पण जोडाक्षरासारखा उच्चार आणि 'र' लहान मुलांच्या तोंडी उशिरा बसतात, आणि रोमन लिपीत ते Bhingri की Bhingari यावर ऑनलाइन शोधणारा अडतो. 'टिचकी' येतं. बोटाने टिचकी मारून गोळा तोंडात उडवायचा, हे मुलं न सांगता करतात. तीन साधी अक्षरं, रोमन स्पेलिंग जवळजवळ एकच, दोन्ही वस्तूंना चालतं, चार वर्षांच्यालाही आणि दहा वर्षांच्यालाही. आम्ही 'टिचकी' पुढे नेऊ.

आता चाचणी. कोऱ्या कागदावर साध्या अक्षरात फक्त नाव लिहायचं. नातेवाईक नसलेल्या दहा पालकांना वेगवेगळं गाठून एवढंच विचारायचं: हे काय असेल, आणि कुठे मिळेल? खायची वस्तू आहे हे आधी सांगितलं की चाचणी फुकट गेली. 'टिचकी'ला कोणी खेळणं म्हणेल, कोणी खाऊ म्हणेल, कोणी खांदे उडवेल. हे सगळं चालतं, कारण खालची ओळ उलगडा करणारच आहे. दहांतले दोघे औषध किंवा मेडिकल म्हणाले तर मात्र आम्ही नाव सोडून देतो. चित्र आणि रंग बदलून ते सुधारत नाही. मुलांची चाचणी वेगळी: खाऊ द्या, नाव एकदाच सांगा, दुसऱ्या दिवशी विचारा की काल काय खाल्लं.

यानंतर नोंदणीचा शोध. व्यापारचिन्हांच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत बिस्किटं आणि धान्याचा खाऊ वर्ग ३० मध्ये येतो. औषधं, पूरक आहार आणि तान्ह्या बाळांचं अन्न वर्ग ५ मध्ये. दोन्हीकडे शोधा, कारण औषधाच्या नावाशी जुळणारं नाव दुसऱ्या वर्गात असलं तरी हरकत येऊ शकते. औषधी शेपटीची नावं टाळण्याचं हे आणखी एक कोरडं कारण: वर्ग ५ मध्ये तशा नावांची आधीच गर्दी आहे. 'टिचकी' हे इथे फक्त उदाहरण आहे. शोध न घेता उचलू नका.

औषध मागच्या दाराने परत येतं

नाव सुटसुटीत झालं, तरी बाकीचा मजकूर घात करतो. 'ज्वारीच्या गोळ्या' असं छापलंत की झालं. 'गोळे' लिहा किंवा 'दाणे'. 'रोज सकाळ-संध्याकाळ दोन' ही चिठ्ठीची भाषा आहे. त्याऐवजी 'पाकिटात सहा कुकीज' एवढं पुरेसं. पांढऱ्या पार्श्वभूमीवर निळी-हिरवी पट्टी, कॅप्सूलच्या आकाराच्या चौकटीत नाव, कोपऱ्यात अधिकचं चिन्ह, यातलं एकेक खपून जातं, तिन्ही एकत्र आले की नाही. आणि आजार टळतो किंवा बरा होतो असा दावा खाऊवर करूच नये. कोडेक्सच्या दाव्यांविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांत तो निषिद्ध आहे.

छपाईला देण्याआधी

ग्रॅव्ह्युअर छपाईत प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर कोरतात. नंतर नाव बदललं तर ज्या ज्या रंगात ते नाव आहे ते सिलिंडर पुन्हा करावे लागतात, आणि छापलेला रोल वाया जातो. म्हणून नोंदणीचा शोध पूर्ण होईपर्यंत साध्या पाऊचवर स्टिकर लावून माल काढा. स्टिकरवर नाव मोठं, खालची ओळ मध्यम आणि घटकांची यादी वाचता येईल इतक्या अक्षरात घ्या. पहिल्या भेटीला येताना कृती वजनासकट आणा. नावांची यादी नसली तरी चालेल.