संत्र्याचा भाव कधी सावरतो, कधी सुटतो

नागपूरच्या कळमना बाजारात अंबिया बहाराची आवक वाढली की संत्र्याच्या भावाचे बोलणे टनावर होते. आज ३६ हजारांवर लिलाव सुटला, उद्या किती? मागणी आणि पुरवठा जिथे जुळतात तिथे भाव येऊन थांबतो, हे उत्तर सगळ्यांना पाठ असते. पण त्यातून भाव कुठे थांबू शकतो एवढेच कळते. तिथून ढळलेला भाव परत तिथे येईल का, आणि येणार असेल तर किती दिवसांत, हा प्रश्न वेगळा आहे. काटोल, नरखेड किंवा वरुडच्या बागायतदाराला खरी गरज याच उत्तराची असते, कारण तोडणी आज करायची की चार दिवस थांबायचे हे त्यावर ठरते.

यासाठी अर्थशास्त्रात एक साधा नियम वापरतात. एखाद्या भावाला जेवढी मागणी आहे त्यातून तेवढ्याच भावाला येणारा पुरवठा वजा करायचा. जी उरते ती अतिरिक्त मागणी. भाव बदलण्याचा वेग या अतिरिक्त मागणीच्या प्रमाणात असतो:

`dp/dt = k (D − S)`

इथे p म्हणजे भाव, D मागणी, S पुरवठा. k हा बाजाराचा तापटपणा समजा: एक टन तूट पडली तर भाव दिवसाला किती रुपयांनी चढेल, ते तो सांगतो. गिऱ्हाईक जास्त आणि माल कमी असेल तर भाव चढतो, माल पडून राहिला तर उतरतो, आणि तफावत जितकी मोठी तितकी हालचाल जोरात. भाव असा चाचपडत समतोलाकडे जातो ही कल्पना अर्थशास्त्रज्ञ लिऑन वालरा यांनी १८७४ मध्ये मांडली. तिला वरच्यासारख्या समीकरणाचे रूप देऊन स्थैर्याची अट तपासण्याचे काम पॉल सॅम्युएलसन यांनी १९४१ मध्ये केले.

आता आकडे घालून पाहू. ते हिशेब सोपा व्हावा म्हणून धरलेले आहेत. समजा, ३० हजार रुपये टनाला रोज २०० टन मागणी आहे आणि २०० टनच आवक आहे. हा समतोल भाव. भाव हजार रुपयांनी चढला की मागणी १० टनांनी घटते आणि आवक ५ टनांनी वाढते. आता एखाद्या दिवशी लिलाव ३६ हजारांवर सुटला. या भावाला मागणी १४० टन आणि आवक २३० टन, म्हणजे ९० टन माल जास्त. एका टनाच्या तफावतीमागे भाव दिवसाला २० रुपये हलतो असे धरले, तर दुसऱ्या दिवशी तो १,८०० रुपयांनी उतरून ३४,२०० होईल. तिथे तफावत ६३ टन राहते, म्हणून तिसऱ्या दिवशी १,२६० रुपयांची उतरण आणि भाव ३२,९४०. चौथ्या दिवशी ३२,०५८.

या आकड्यांत एक शिस्त आहे. समतोलापासूनचे अंतर ६,०००, मग ४,२००, मग २,९४० असे रोज ३० टक्क्यांनी घटते. हे ३० टक्के कुठून आले? हजार रुपयांमागे मागणी १० टनांनी हलते आणि पुरवठा उलट दिशेने ५ टनांनी. दोन्ही मिळून तफावत १५ टनांनी बदलते. त्याला २० रुपयांनी गुणले की ३०० रुपये, म्हणजे प्रत्येक हजारामागे ३००. दोन दिवसांत अंतर जवळजवळ निम्मे होते. भाव खाली घसरला असता तरी हाच हिशेब उलट दिशेने चालला असता, म्हणून हा समतोल स्थिर आहे.

आता तापटपणा वाढवून पाहा. टनामागे २० ऐवजी १०० रुपये धरले, तर ३६ हजारांवरून भाव ९ हजारांनी कोसळून २७ हजारांवर येतो, समतोल ओलांडून पलीकडे. मग ३१,५००, मग २९,२५०. हेलकावे बसतात, पण प्रत्येक हेलकावा आधीच्या निम्मा असल्याने भाव शेवटी सावरतो. तेच १४० रुपये धरले की क्रम असा होतो: ३६,०००, मग २३,४००, मग ३७,२६०, मग २२,०१४. समतोल तोच, बागायतदार तेच, खरेदीदारही तेच, पण भाव दर फेरीला आणखी दूर फेकला जातो. सीमा १३३ रुपयांच्या जराशी वर आहे. तिथे एका दिवसाची दुरुस्ती मूळ अंतराच्या बरोबर दुप्पट होते आणि भाव समतोलाच्या दोन बाजूंना तेवढ्याच अंतरावर झुलत राहतो.

या हेलकाव्यांचे मूळ टप्प्यांमध्ये आहे. लिलाव दिवसातून एकदा होतो. सकाळच्या तफावतीवरून ठरलेला बदल पूर्णच्या पूर्ण लागू होतो, आणि वाटेत तफावत भरून निघाली तरी त्याला मध्येच आवर घालता येत नाही. भाव क्षणोक्षणी बदलत असता तर समतोलाजवळ येता येता त्याचा वेग आपोआप शून्याकडे गेला असता आणि k कितीही मोठा असला तरी त्याने समतोल ओलांडला नसता. अडत्यांचा फोन दिवसभर चालू असतो, दिल्ली-कोलकात्याचे भाव दुपारी कळतात, ट्रक वळवता येतात. यामुळे टप्पे लहान होतात, आणि बाजाराला त्यातून स्थैर्य मिळते.

शिल्लक मालही समतोल ओलांडायला लावतो. वरच्या हिशेबात न विकलेला ९० टन माल दुसऱ्या दिवशी कुठे गेला, याचा विचारच केलेला नाही. तो बाजारात पडून राहिला तर भाव ३० हजारांवर आल्यावरही जुना ढीग समोर असतो, आणि तो उपसला जाईपर्यंत भाव खाली जात राहतो. संत्रा नाशवंत असल्याने हा परिणाम थोड्या दिवसांत ओसरतो. साठवणुकीच्या कांद्यात तो लांबतो.

पण सगळ्यांत मोठा धोका टप्प्यांत नाही, शिल्लक मालातही नाही. तो पुरवठ्याच्या दिशेत आहे. भाव उतरला की आवक घटते, हे आपण गृहीत धरले. बहाराच्या शेवटी ते उलटू शकते. झाडावर फळ पक्व आहे, फळगळ सुरू झाली आहे, गारपिटीची धास्ती आहे, आणि त्यात भाव उतरताना दिसतो. अशा वेळी बागायतदार थांबत नाही. आणखी पडायच्या आत माल काढून टाकतो. ठोक बगीचा घेतलेल्या व्यापाऱ्याची रक्कम अडकलेली असते, तोही तेच करतो. म्हणजे भाव उतरल्याने आवक वाढते.

हे उलटणे किती झाले त्यावर सगळे ठरते. २९ हजारांच्या भावाला तिन्ही परिस्थिती शेजारी ठेवून पाहा. मागणी प्रत्येक वेळी २१० टन आहे. नेहमीच्या बाजारात आवक १९५ टन होते, १५ टनांची तूट पडते आणि भाव दुसऱ्या दिवशी ३०० रुपयांनी वर येतो. घाईच्या बाजारात हजाराच्या उतरणीला आवक ८ टनांनी वाढली तर ती २०८ होते. तूट फक्त २ टन, आणि भाव ४० रुपये चढतो. समतोल अजून स्थिर आहे, पण अंतर निम्मे व्हायला दोन दिवसांऐवजी सुमारे सतरा दिवस लागतील. घाई आणखी वाढून आवक १२ टनांनी वाढली तर ती २१२ होते. आता २ टन माल जास्त आहे. भाव ४० रुपये उतरतो, त्यामुळे आवक आणखी वाढते, आणि घसरण स्वतःलाच खतपाणी घालते.

८ टन आणि १२ टन यांत बाजारात उभ्या माणसाला फारसा फरक दिसणार नाही. सीमा १० टनांवर आहे, कारण भाव उतरल्यावर मागणी तेवढीच वाढते. पुरवठ्याची वाढ मागणीच्या वाढीपेक्षा कमी असेपर्यंत समतोल स्थिर, जास्त झाली की अस्थिर. टप्प्यांमुळे बसणारे हेलकावे बाजूला ठेवले तर ही स्थैर्याची अट आहे, आणि तिच्यात k कुठेच नाही. तापटपणा कमी केल्याने हेलकावे थांबवता येतात, पण दिशाच उलटली असेल तर घसरण फक्त सावकाश होते.

ही घसरण अर्थात शून्यापर्यंत जात नाही. भाव तोडणी, भराई आणि गाडीभाड्याच्या खर्चाजवळ आला की तोडणीच परवडत नाही, माल झाडावर राहतो आणि आवक पुन्हा घटू लागते. तिथे खाली दुसरा समतोल सापडतो, तोही स्थिर, फक्त बागायतदाराला फार महागात पडणारा. एकदा तिथे गेलेला भाव छोट्याशा धक्क्याने वर येत नाही.

हे सगळे एका मालापुरते झाले. संत्रा, मोसंबी आणि किन्नो यांसारखे अनेक भाव एकमेकांना ओढत असतील तर प्रश्न कठीण होतो. हर्बर्ट स्कार्फ यांनी १९६० मध्ये तीन वस्तूंचे उदाहरण दिले. त्यात याच नियमाने चालणारे भाव समतोलाभोवती फिरतच राहतात, कधी पोहोचत नाहीत.

आपला बाजार कोणत्या अवस्थेत आहे हे भावामागे मागणी आणि आवक किती टनांनी हलतात याचा शोध न घेताही अजमावता येते. बाजार समित्यांची रोजची आवक आणि किमान, कमाल व सर्वसाधारण दर प्रसिद्ध होतात. लागोपाठच्या तीन दिवसांचे सर्वसाधारण दर घ्या आणि दुसऱ्या बदलाला पहिल्या बदलाने भागा. वरच्या उदाहरणात पहिला बदल उणे १,८००, दुसरा उणे १,२६०, म्हणून गुणोत्तर ०.७. यावरून समतोल भावही काढता येतो: ०.७ ला ०.३ ने भागा, येते २.३३, त्याने शेवटचा बदल गुणला की अजून होणारी उतरण २,९४० रुपये मिळते, आणि ३२,९४० मधून ती वजा केली की बरोबर ३०,०००. गुणोत्तर उणे आले तर हेलकावे चालू आहेत. उणे ०.५ असेल तर ते मिटतील, उणे १.१ असेल तर वाढतील. घाईच्या पहिल्या बाजारात ते ०.९६ येते आणि दुसऱ्यात १.०४. म्हणून गुणोत्तर आठवड्यागणिक ०.७ वरून ०.९ च्या पुढे सरकत असेल, तर भाव अजून पडलेला नसतानाच समतोलाची पकड सुटत चालली आहे असे समजावे.

एकाच तिकडीवर मात्र भिस्त ठेवू नये. एखाद्या दिवशी बारीक फळ जास्त आले तर सर्वसाधारण दर खाली दिसतो, पण त्यात भावाची दुरुस्ती काहीच नसते. सुट्टीनंतरच्या दिवशी दोन दिवसांची आवक एकत्र येते, तो दिवस वगळावा. एकाच प्रतीच्या फळाचे दर घेऊन निदान दहा-बारा दिवसांची गुणोत्तरे काढावी आणि त्यांतले मधले धरावे. मोठा पाऊस किंवा निर्यातीच्या नियमातला बदल मध्ये आला असेल तर समतोलच सरकलेला असतो, आणि हिशेब त्या दिवसापासून नव्याने सुरू करावा लागतो.